शिखराभोवतीची तीन पावलं

छपरावरच्या सोलर पॅनेलमधून किती वीज निघणार हे एकटं ऊन ठरवत नाही. पॅनेलला किती व्होल्टेजवर काम करायला लावलं आहे, त्यावरही ते अवलंबून असतं. ऊन तेच, पॅनेल तीच, तरी एका व्होल्टेजवर २८५९ वॅट मिळतात आणि दुसऱ्यावर २२०० च मिळतात. योग्य व्होल्टेज शोधायचं आणि ते धरून ठेवायचं काम इन्व्हर्टरमधला एक छोटा प्रोग्राम दिवसभर करत असतो. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकावर ‘एमपीपीटी’ ही अक्षरं दिसतात, ती याच कामाबद्दल असतात. ते करण्याच्या रीती अनेक आहेत. त्यातली सर्वांत साधी आणि बहुधा सर्वाधिक वापरली गेलेली रीत म्हणजे ‘पर्टर्ब अँड ऑब्झर्व्ह’: व्होल्टेज जरासं हलवायचं आणि पॉवरचं काय झालं ते पाहायचं.

उदाहरणासाठी तीन किलोवॅटची घरगुती यंत्रणा घेऊ. पीएम सूर्यघर योजनेतलं अनुदान तीन किलोवॅटनंतर वाढत नाही, म्हणून हा आकार आता पुष्कळ छपरांवर दिसतो. प्रत्येकी ५४० वॅटची सहा पॅनेल एकामागे एक जोडली आहेत. कारखान्यातल्या चाचणीत सेलचं तापमान २५ अंश धरतात. त्या तापमानाला या सहांच्या माळेचं सर्वोत्तम व्होल्टेज २५० च्या आसपास येतं. छपरावर मात्र दुपारी सेल ६० अंशांपर्यंत तापतात आणि तेच व्होल्टेज २२० पर्यंत उतरतं. सकाळी ते वेगळं, दुपारी वेगळं, पावसाची सर येऊन गेल्यावर पुन्हा वेगळं. त्यामुळे एक आकडा कायमचा ठरवून चालत नाही.

पॅनेलचा स्वभाव असा की व्होल्टेज कमी असताना करंट जवळजवळ स्थिर राहतो. आपल्या माळेत तो १३.८ अँपियरच्या आसपास असेल. म्हणून व्होल्टेज वाढवत नेलं की पॉवरही वाढत जाते. पण एका वळणानंतर करंट झपाट्याने गळू लागतो आणि २५९ व्होल्टच्या सुमारास शून्यावर येतो. व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. तिचा आलेख काढला तर डावीकडून संथ चढ, मग शिखर आणि उजवीकडे जवळजवळ कडा, असा डोंगर दिसतो. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवं. पुढे ढग आल्यावर त्यानेच सगळा फरक पडणार आहे.

हा आलेख आपण कागदावर काढतो, इन्व्हर्टरला तो दिसत नाही. त्याच्याकडे फक्त या क्षणाचं व्होल्टेज आणि या क्षणाचा करंट असतो. पॅनेलकडून येणारं व्होल्टेज वर चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर त्याच्या हातात असतो. त्यातला स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडतो आणि बंद होतो. स्विच किती वेळ बंद ठेवायचा ते प्रमाण बदललं की पॅनेलवरचं व्होल्टेज वर किंवा खाली सरकतं. प्रोग्रामला वापरता येतो तो एवढाच एक खटका.

आता पावलं मोजू. पुढचे आकडे सोलर सेलच्या नेहमीच्या डायोड समीकरणाच्या सोप्या रूपातून काढले आहेत. पाऊल ५ व्होल्टचं, ऊन स्थिर. इन्व्हर्टर २०५ व्होल्टवर आहे आणि २७७४ वॅट मिळत आहेत. तो २१० वर जातो, २८१७ मिळतात. वाढले, म्हणून त्याच दिशेने पुढे. २१५ वर २८४७. वाढले, पुढे. २२० वर २८५९. वाढले, पुढे. २२५ वर २८४४. या वेळी पॉवर घटली, म्हणून दिशा उलटी करायची. तो २२० वर परत येतो आणि पुन्हा २८५९ मिळतात.

आपण म्हणू, आता थांबावं. पण प्रोग्रामचा नियम वेगळा आहे. मागच्या पावलाने पॉवर वाढली, म्हणून त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकायचं. तो २१५ वर उतरतो, २८४७ मिळतात, घटले. मग उलटा फिरून २२०, पुढे २२५, परत २२०, परत २१५. स्थिर उन्हात हेच चक्र चालू राहतं: तीन पायऱ्या, चार हालचाली, आणि चारांपैकी दोनच वेळा तो शिखरावर असतो.

जुन्या रेडिओची खुंटी फिरवून केंद्र लावताना आवाज स्पष्ट झाला तरी हात लगेच थांबत नसे. खुंटी जराशी पुढे नेऊन आवाज खरखरू लागला की मगच ती मागे आणायची. सर्वांत स्पष्ट जागा कोणती हे तिच्या पलीकडे गेल्यावरच कळे. २२० व्होल्टवर उभ्या असलेल्या इन्व्हर्टरला २८५९ हा आकडा दिसतो, पण तो सर्वांत मोठा आहे हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेलं नसतं. दोन्ही बाजूंना जाऊन पाहिलं तरच ते कळतं. शिवाय पाच मिनिटांनी पॅनेल थंड झालं तर शिखर सरकलेलं असेल, तेही तसंच कळणार. म्हणून या हेलकाव्याला मी दोष मानत नाही. या रीतीला शिखराची जी काही माहिती मिळते ती याच हेलकाव्यातून मिळते. तिची किंमत किती मोजायची, एवढाच प्रश्न उरतो.

ती किंमत काढता येते. ५ व्होल्टच्या पावलाने २१५ वर १२ वॅट जातात, २२५ वर १५ वॅट जातात आणि मधल्या दोन वेळा काहीच जात नाही. सरासरी सुमारे ७ वॅट, म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी. पाऊल १० व्होल्टचं केलं तर डावीकडे ४२ आणि उजवीकडे ७१ वॅट जातात. सरासरी २८ वॅट, एक टक्का. पाऊल दुप्पट केलं आणि नुकसान चौपट झालं. २ व्होल्टचं पाऊल ठेवलं तर सरासरी नुकसान जेमतेम एक वॅट. शिखराचा माथा गोलसर असतो, म्हणून त्याच्या अगदी जवळ फिरताना फारसं काही जात नाही. दूर गेल्यावर मात्र तोटा पावलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

अशी यंत्रणा रोज साधारण बारा युनिट देते असं धरलं, तर एक टक्का म्हणजे वर्षाला ४० ते ४५ युनिट. लहान पावलाचा तोटा वर्षाला दोन युनिटही भरणार नाही. मग पाऊल होता होईल तितकं लहान का ठेवू नये?

याचं एक कारण मोजमापात आहे. २ व्होल्टच्या पावलाने शिखराजवळ पॉवर बदलते अवघी दोन वॅटने, २८५९ मधल्या दोन. करंट मोजणाऱ्या सेन्सरमध्ये हजारात एक भाग इतकी थरथर असली तरी तीच तीन वॅटची होते. पॉवर वाढली की घटली याचं उत्तर मग पॅनेल न देता सेन्सरची थरथर देते, आणि इन्व्हर्टर अर्थहीन भटकू लागतो. एक-फेज घरगुती इन्व्हर्टरमध्ये यात आणखी एका गोष्टीची भर पडते. ५० हर्ट्झच्या ग्रिडला जाणारी पॉवर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते आणि पुन्हा चढते, तर पॅनेल मात्र सलग पॉवर देत असतं. मधला फरक कपॅसिटर सांभाळतो, पण त्यामुळे पॅनेलच्या व्होल्टेजवरही सेकंदाला १०० लहरी उमटतात. एक मोजमाप लहरीच्या माथ्यावर आणि दुसरं तळाशी घेतलं, तर व्होल्टेज हलवलं नसतानाही पॉवर बदलल्याचा भास होतो. म्हणून मोजमापाची सरासरी एका पूर्ण लहरीवर, म्हणजे १० मिलिसेकंदांवर किंवा त्याच्या पटीत घ्यावी लागते.

दुसरं कारण ढगांचं आहे. माझ्या मते या विषयातला सर्वांत समजून घेण्यासारखा भाग हाच.

‘हलवा आणि पाहा’ या रीतीने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पॉवर बदलली ती माझ्या पावलामुळे बदलली. ऊन स्थिर असेल तोवर हे खरं असतं. पावसाळ्याच्या अखेरीस पांढरे तुटक ढग सूर्यावरून सरकतात तेव्हा ते खोटं ठरतं. समजा ढग बाजूला होतो आहे आणि दहा सेकंदांत ऊन अर्ध्यावरून पूर्ण होतं, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० वॅटवरून १०००. इन्व्हर्टर सेकंदाला एकच पाऊल टाकतो असं धरू. फरक डोळ्यांना दिसावा म्हणून हा वेग मुद्दाम कमी घेतला आहे.

सुरुवातीला तो २१० व्होल्टवर आहे. अर्ध्या उन्हातलं शिखर तिथेच आहे आणि १३६८ वॅट मिळत आहेत. त्याच क्षणी त्याचं पुढचं पाऊल खालच्या दिशेचं ठरलं आहे. २०५ वर जातो तोवर ऊन वाढलेलं असतं, म्हणून १५०१ मिळतात. वाढले, पुढे. २०० वर १६१९. वाढले. १९५ वर १७२४. वाढले. १९० वर १८१९. दर सेकंदाला आकडा वाढतो आहे, दर सेकंदाला त्याला आपली दिशा बरोबर वाटते आहे, आणि तो शिखरापासून दूर चालला आहे. दहाव्या सेकंदाला तो १६० व्होल्टवर पोचतो आणि २२०६ वॅट मिळतात. त्या क्षणी २२० वर असता तर २८५९ मिळाले असते. जवळजवळ एक चतुर्थांश पॉवर गेली. आता ऊन स्थिर झालं आहे, पण मागचं पाऊल यशस्वी ठरलं होतं म्हणून तो अजून एक पाऊल खाली, १५५ वर जातो. तिथे पॉवर घटते, तेव्हा कुठे तो वळतो. शिखर अजून तेरा पावलं दूर असतं.

तोच ढग, तेच इन्व्हर्टर, फक्त पहिलं पाऊल वरच्या दिशेचं असतं तर काय झालं असतं? २१५, २२०, २२५ असा तो चुकीच्याच दिशेने गेला असता. पण उजवीकडे कडा आहे. सहाव्या सेकंदाला २४० व्होल्टवर करंट इतका गळतो की वाढत्या उन्हालाही तो तोटा भरून काढता येत नाही. पॉवर १८६३ वरून १८१० वर येते, इन्व्हर्टर वळतो आणि दहाव्या सेकंदापर्यंत २२० वर परत आलेला असतो. डावीकडच्या संथ उतारावर पावलाची चूक उन्हाच्या वाढीखाली झाकली जाते. उजवीकडच्या कड्यावर ती झाकता येत नाही.

म्हणून पावलाचा आकार सुटा पाहून चालत नाही. एका पावलाने पॉवर जितकी बदलते, ती त्याच वेळात उन्हाने होणाऱ्या बदलापेक्षा जास्त असायला हवी. हे दोन प्रकारे साधतं. पाऊल मोठं करायचं, पण मग स्थिर उन्हातला हेलकावा महाग पडतो. नाहीतर पावलं भराभर टाकायची. वरच्या उदाहरणात सेकंदाला दहा पावलं टाकली, तर दोन पावलांमध्ये उन्हामुळे फक्त १४ वॅट वाढतात. २१० वरून २०५ वर येताना पावलाचा तोटा ८ वॅटचा असतो, तो झाकला जातो. पुढच्या पावलाचा तोटा मात्र १७ वॅटचा असतो, पॉवर घटलेली दिसते आणि इन्व्हर्टर वळतो. एखाद्या जास्तीच्या पावलावर भागतं.

पण भराभर पावलं टाकण्यालाही मर्यादा आहे. व्होल्टेज बदलायला सांगितलं की कन्व्हर्टरमधला कपॅसिटर आणि कॉइल काही मिलिसेकंद डोलतात आणि मग नव्या जागी स्थिरावतात. ते डोलत असतानाच मोजलं, तर हाती आलेला आकडा आधीच्या धक्क्याचा असतो. इटलीतल्या निकोला फेमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही दोन्ही बंधनं गणिताने मांडली: दोन पावलांमधला वेळ यंत्रणा स्थिरावण्याच्या वेळेपेक्षा जास्त हवा, आणि पाऊल उन्हाच्या अपेक्षित बदलापेक्षा वरचढ ठरेल इतकं हवं. तोपर्यंत हे आकडे पुष्कळदा करून पाहून ठरवले जात. त्या लेखानंतर ते कन्व्हर्टरच्या भागांवरून काढता येऊ लागले.

डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठात देझो सेरा आणि सहकाऱ्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते, कारण ती मूळ गृहीतकाच्या चुकीवरच बोट ठेवते. त्यांनी दोन पावलांच्या मध्ये एक जादा मोजमाप घ्यायला सुरुवात केली. मधल्या मोजमापानंतरच्या अर्ध्या वेळात व्होल्टेज हललेलंच नसतं, म्हणजे त्या वेळातला बदल निव्वळ उन्हाचा. आपल्या ढगावर ते लावून पाहू. २१० वरून २०५ वर आल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदात पॉवर ६२ वॅटनी वाढते. त्यात पाऊलही आहे आणि ऊनही आहे. पुढच्या अर्ध्या सेकंदात व्होल्टेज स्थिर असताना ती ७१ वॅटनी वाढते. उन्हाने ७१ वाढायला हवे होते आणि वाढले ६२, म्हणजे पावलाने नऊ वॅट घालवले. दिशा चुकीची आहे हे पहिल्याच पावलाला कळलं. पॉवर वाढलेली दिसत असूनही इन्व्हर्टर वळतो आणि ते वळणं बरोबर असतं.

पावलाचा आकार गरजेप्रमाणे बदलत ठेवणं हाही एक मार्ग आहे. आपल्या डोंगरावर २०५ ते २१० मध्ये दर व्होल्टला सुमारे नऊ वॅट वाढतात, तर २१५ ते २२० मध्ये अडीचच्या आसपास. उतार जितका जास्त तितकं पाऊल मोठं, असा नियम लावला की शिखर दूर असताना इन्व्हर्टर ढांगा टाकतो आणि जवळ आल्यावर पाय आखडते घेतो. स्थिर उन्हात हे छान चालतं. ढगाच्या वेळी मात्र उन्हाची वाढ त्याला उतार वाटते, आणि तो चुकीच्या दिशेला मोठी ढांग टाकू शकतो. सेरांच्या युक्तीसारखी ऊन वेगळं काढण्याची सोय सोबत नसेल, तर नुसत्या बदलत्या पावलावर माझा भरवसा नाही.

इन्व्हर्टर हे किती नीट करतो ते तपासण्याची पद्धत ठरलेली आहे. युरोपच्या ईएन ५०५३० या प्रमाणकाने आखून दिलेल्या चाचणीत प्रयोगशाळेतला वीजपुरवठा पॅनेलसारखा वागवला जातो. त्यावर आधी स्थिर ऊन आणि मग चढता-उतरता उजेड चालवतात. चढाचा वेग सेकंदाला दर चौरस मीटरमागे अर्ध्या वॅटपासून १०० वॅटपर्यंत नेतात. आपला ढग ५० चा होता. माहितीपत्रकात स्थिर उन्हातली एमपीपीटी कार्यक्षमता बहुधा ९९ टक्क्यांच्या वरच असते, तिच्यावरून दोन इन्व्हर्टरांत निवड करता येत नाही. फरक दिसतो तो बदलत्या उजेडातल्या आकड्यात, आणि तो मागून घ्यावा लागतो.

घरी मोबाइलवरच्या ॲपमध्ये हा हेलकावा दिसणार नाही, कारण तिथे दर काही मिनिटांची सरासरी नोंदली जाते. तंत्रज्ञ डीसी बाजूला ऑसिलोस्कोप लावतो तेव्हा निरोगी यंत्रणेत व्होल्टेजच्या तीन पायऱ्या सलग दिसतात, त्यांच्यावर १०० हर्ट्झची बारीक लहर असते. तीनऐवजी पाच-सहा पायऱ्या दिसल्या आणि त्यांचा क्रम दर वेळी बदलत असेल, तर दोनच गोष्टींचा संशय घ्यायचा: पावलं स्थिरावण्याआधीच टाकली जात आहेत, किंवा पाऊल इतकं लहान आहे की सेन्सरची थरथर निर्णय देते आहे.

तीन पायऱ्या नीट दिसल्या तरी त्यातून एक गोष्ट कळत नाही. पाण्याच्या टाकीची सावली सहांपैकी एका पॅनेलवर पडली, की त्या पॅनेलमधले बायपास डायोड चालू होतात आणि आलेखावर एकाऐवजी दोन शिखरं उभी राहतात. इन्व्हर्टर ज्या शिखराच्या पायथ्याशी असेल त्यावर चढतो आणि तिथेच तीन पावलं टाकत राहतो, मग ते शिखर धाकटं का असेना. त्याचा हेलकावा तेव्हाही अगदी निरोगी दिसतो. यावर उपाय म्हणून अनेक इन्व्हर्टर ठरावीक मिनिटांनी व्होल्टेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून सगळा आलेख पाहून घेतात. त्या काही क्षणांत थोडी वीज बुडते, म्हणून हे स्कॅनिंग बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये मेनूतून चालू किंवा बंद करता येतं. छपरावर टाकी, जिना किंवा शेजारचं झाड सावली टाकत असेल, तर यंत्रणा बसवणाऱ्याकडून ते चालू आहे की नाही एवढं पाहून घ्यावं.